बांध फुटला की धरण?

'एकच शब्द दोनदा आला की लेखन कच्चं' हा नियम आपल्या डोक्यात शाळेनंच भरलाय. माझ्या मते मराठी लेखनाचं यानं जेवढं नुकसान केलंय, तेवढं शुद्धलेखनाच्या चुकांनीही केलं नसेल. कारण नियम पाळायला माणूस समानार्थी शब्दांची यादी उघडतो आणि जो शब्द भारी वाटेल तो उचलून चिकटवतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, आमच्या धाराशिव जिल्ह्यात परंडा-भूमकडची शेतं पाण्याखाली गेली. त्यावर साधं वाक्य लिहू: 'अतिवृष्टी झाली, नदीला पूर आला, बांध फुटले, जमीन खरडून गेली.' आता प्रत्येक शब्दाला यादीतला भाऊ देऊ: 'ढगफुटी झाली, सरितेला प्रलय आला, धरणे फुटली, धरा घासून गेली.'

'सरितेला प्रलय' वाचून हसू येतं, कारण पूर नदीला येतो, प्रलय जगावर. 'धरा घासून' म्हटलं की भांडी आठवतात. ही चूक निदान दिसते तरी.

न दिसणारी चूक जास्त घातक. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला, की सरकारदरबारी ती अतिवृष्टी. ढगफुटी म्हणजे छोट्या भागात तासाभरात साधारण १०० मिलिमीटर. दोन्हींचा अर्थ 'खूप पाऊस' असला तरी मोजमाप वेगळं. बांध शेताच्या कडेचा, धरण नदीवरचं. बांध फुटला तर एका शेतकऱ्याचं नुकसान. धरण फुटलं म्हणाल तर खालची गावं रात्रीत घरं सोडतील. आणि 'जमीन खरडून गेली' म्हणजे वरची मातीच गेली. तिची भरपाई पिकाच्या भरपाईहून वेगळी धरतात. तिथं 'शेतीची हानी झाली' असं गुळगुळीत लिहिलं की पीक गेलं की माती, हेच कळत नाही.

मग समानार्थी कोश फेकून द्यायचा? नाही. अर्थ डोक्यात पक्का आहे, पण शब्द जिभेवर येत नाही, तेव्हा तो उघडावा. 'बरेच दिवस बारीक पाऊस पडत राहिला' असं लिहून अडलात, तर यादीत रिपरिप, सर, झड, संततधार सापडतील. सर येते आणि जाते, म्हणून ती बाद. झड दिवसच्या दिवस लागते आणि त्यात काढणीचं सोयाबीन शेंगेतच उगवतं. सापडला शब्द! इथं कोशानं नवा शब्द शिकवला नाही, ओळखीचाच हाताशी आणून दिला.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे. निवडलेला शब्द तुम्ही कुणाच्या तरी तोंडून, तशाच वाक्यात ऐकलाय का? 'पावसानं दडी मारली' सगळे म्हणतात. 'वर्षानं दडी मारली' म्हटलं, तर लोक विचारतील, कुणाची पोरगी?

ऐकला नसेल, तर जुनाच शब्द पुन्हा लिहा. पाऊस दोनदा आला म्हणून वाक्य बिघडत नाही.