दोन हिरव्या टिक, तरीही मेन लाल: मर्ज क्यू नेमकी काय करते?

ॲप अपडेट केलं आणि कालपर्यंत नीट चालणारं बटण आज चालेना, हा अनुभव कुणाला नाही? अशा वेळी आपण म्हणतो, "टेस्ट न करताच सोडलं वाटतं." बऱ्याचदा टेस्ट झालेली असते, पण ती वेगळ्याच कोडची झालेली असते. एकाच दिवशी खूप जणांचं काम एकत्र होतं तेव्हा हा घोळ हमखास होतो.

आधी थोडी ओळख. एखाद्या प्रोजेक्टचा अधिकृत कोड ज्या शाखेत असतो तिला मेन ब्रांच म्हणतात. प्रत्येक डेव्हलपर आपला बदल वेगळ्या ब्रांचवर करतो आणि तो मेनमध्ये घ्या, अशी विनंती करतो. ही झाली पुल रिक्वेस्ट. तिच्यावर आपोआप टेस्ट चालतात. पास झाल्या की हिरवी टिक, नापास झाल्या की लाल फुली. मेन हिरवी असणं म्हणजे तिच्यावरच्या सगळ्या टेस्ट पास आहेत आणि त्या क्षणी तिथून ॲप बनवून लोकांना देता येईल.

आता समजा तिकीट बुकिंगचं एक ॲप आहे. सोमवारी सकाळी दोघं जण एकाच मेनवरून कामाला लागतात. पहिली डेव्हलपर तिकिटाचा दर काढणाऱ्या फंक्शनला वयासोबत वारही विचारायला लावते आणि जुन्या सगळ्या फाइल्समध्ये तशी दुरुस्ती करते. दुसरा डेव्हलपर कुटुंबासाठी एकत्र बुकिंगची नवी फाइल लिहितो. त्याच्याकडे फंक्शन अजून जुनंच आहे, म्हणून तो फक्त वय देतो.

```python
# पहिल्या पुल रिक्वेस्टमध्ये
def ticket_price(age, day): ...

# दुसऱ्या पुल रिक्वेस्टमधली नवी फाइल
total = ticket_price(34) + ticket_price(7)
```

दोन्ही पुल रिक्वेस्ट आपापल्या जागी हिरव्या. गिटलाही तक्रार नाही, कारण दोघांनी एकाच फाइलच्या त्याच ओळींना हात लावलेला नाही. दुपारी दोन्ही मर्ज होतात आणि मेन लाल होते. दुसऱ्याची फाइल एकच माहिती देते, फंक्शनला दोन हव्यात. गिटला ओळी जुळतात की नाही एवढंच कळतं, त्यांचा अर्थ जुळतो का हे कळत नाही.

मेन लाल झाली की त्रास त्या दोघांपुरता राहत नाही. त्यानंतर जो कुणी मेनवरून नवं काम सुरू करतो, त्याच्याही टेस्ट नापास होतात. हे आपल्यामुळे झालं की आधीच तुटलेलं होतं, हे शोधण्यात त्याचा वेळ जातो.

यावरचा पहिला उपाय साधा वाटतो: मर्ज करण्याआधी प्रत्येकाने ताजी मेन आपल्या ब्रांचमध्ये घ्यावी आणि पुन्हा टेस्ट चालवावी. गिटहबवर ही सक्ती करणारी सेटिंग आहे. छोट्या टीमला ती पुरतेही. पण दिवसाला 20 पुल रिक्वेस्ट असतील तर? एक मर्ज झाली की उरलेल्या 19 शिळ्या होतात. सगळ्यांनी दर वेळी ताजं करून टेस्ट चालवली, तर 20 अधिक 19 अधिक 18 असं करत एकूण 210 फेऱ्या होतात. एका फेरीला अर्धा तास धरला, तर कामाला 20 जण आणि मशीनचे 105 तास खर्च. त्यात ज्याने बटण आधी दाबलं तो पुढे, बाकीचे पुन्हा मागे.

मर्ज क्यू ही शर्यत बंद करून रांग लावते. गिटहबने ही सोय जुलै 2023 मध्ये सर्वसाधारण वापरासाठी खुली केली. गिटलॅबवर तिला मर्ज ट्रेन म्हणतात. तुम्ही मर्ज करण्याऐवजी पुल रिक्वेस्ट रांगेत टाकता. समजा रांगेत अ, ब आणि क आहेत. सिस्टिम तीन तात्पुरत्या ब्रांच बनवते: मेन अधिक अ, मेन अधिक अ आणि ब, मेन अधिक अ, ब आणि क. तिन्हींच्या टेस्ट एकाच वेळी सुरू होतात. म्हणजे ब ची टेस्ट अ आत गेला आहे असं गृहीत धरून होते. सगळं पास झालं तर तिघं मिळून साधारण एका फेरीच्या वेळात आत. आपल्या उदाहरणातली चूक इथेच पकडली जाते: पहिली आत जाते, दुसरी रांगेतून बाहेर पडते आणि मेन लाल होतच नाही.

खरा खर्च इथून सुरू होतो. ब नापास झाला, तर क ची फेरी फुकट गेली, कारण ती ब धरून चालली होती. क साठी मेन अधिक अ आणि क अशी नवी ब्रांच बनते आणि टेस्ट पुन्हा पहिल्यापासून. रांगेत पुढे कुणी नापास झालं की मागच्या सगळ्यांना फटका. "माझं अर्जंट आहे, मला सर्वात पुढे घ्या" हा पर्यायही गिटहब देतो, पण त्यानेही मागे चालू असलेल्या फेऱ्या नव्याने कराव्या लागतात. रांगेत घुसणाऱ्याचा राग येतो तो इथेही रास्तच आहे.

म्हणून क्यूचा मोठा शत्रू म्हणजे लहरी टेस्ट. कोड तोच, पण नेटवर्क थोडं हळू चाललं म्हणून कधी पास, कधी नापास. समजा कोडमध्ये काहीच चूक नसताना एक फेरी नापास व्हायची शक्यता 5 टक्के आहे. तरीही लागोपाठ 20 फेऱ्या बिनचूक जाण्याची शक्यता फक्त 36 टक्क्यांच्या आसपास राहते. पुल रिक्वेस्टवर अशी टेस्ट नापास झाली तर डेव्हलपर पुन्हा चालवतो आणि विसरतो. क्यूमध्ये तीच टेस्ट मागच्या सगळ्यांना थांबवते. ओळखायची खूण अशी: रांगेतून बाहेर फेकलेल्या पुल रिक्वेस्ट काहीही न बदलता पुन्हा टाकल्या आणि पास झाल्या, असं वारंवार दिसलं तर कोडकडे नाही, टेस्टकडे बघा.

टेस्ट खूप लांब असेल तर रांगही पुरत नाही. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचा प्रोजेक्ट याचं चांगलं उदाहरण आहे. तिथे मर्जआधी टेस्ट करणाऱ्या बॉटला बॉर्स म्हणतात; परीक्षक `@bors r+` अशी कॉमेंट लिहून पुल रिक्वेस्ट मंजूर करतो. हा नियम रस्टचे निर्माते ग्रेडन होअर यांनी 2014 मध्ये लिहून मांडला: मुख्य कोड सगळ्या टेस्ट कायम पास करणारा असावा आणि हे काम मशीनने सांभाळावं. पण तिथे पूर्ण टेस्टला काही तास लागतात आणि एका वेळी एकच फेरी मर्ज होते. तीन तास धरले, तरी दिवसाला जेमतेम आठ. म्हणून स्वयंसेवक अनेक छोट्या, कमी जोखमीच्या पुल रिक्वेस्ट एकत्र बांधतात. या गठ्ठ्याला रोलअप म्हणतात. गठ्ठा नापास झाला तर लॉग वाचून दोषी कोण ते माणूस शोधतो, तेवढी काढतो आणि नवा गठ्ठा बांधतो. वेगावर परिणाम करू शकणाऱ्या बदलावर मात्र `rollup=never` असं लिहितात. गठ्ठ्यात गेला, तर कंपायलर नेमका कुणामुळे हळू झाला ते सांगणं कठीण होतं.

गिटहबवर क्यू लावून बघायची असेल, तर एक गोष्ट बऱ्याच जणांना अडकवते. रांगेतली टेस्ट पुल रिक्वेस्टच्या नाही, वेगळ्या घटनेने सुरू होते. ती वर्कफ्लोच्या फाइलमध्ये लिहावी लागते:

```yaml
on:
  pull_request:
  merge_group:
```

शेवटची ओळ नसेल तर अनिवार्य टेस्ट सुरूच होत नाही, रांग निकालाची वाट बघत बसते आणि मर्ज होत नाही. शिवाय ही सोय वैयक्तिक अकाउंटवरच्या रेपोला मिळत नाही. ऑर्गनायझेशनचा सार्वजनिक रेपो हवा. खासगी असेल तर एंटरप्राइझ क्लाउडचा प्लॅन. कॉलेजच्या चौघांच्या प्रोजेक्टला मात्र ताज्या मेनची सक्तीच पुरे.