एकदा 'पास' झालेला कान

बाळ जन्मले की दवाखान्यात त्याच्या कानाला एक लहानसे यंत्र लावतात, कागदावर 'पास' असे लिहून देतात आणि तो कागद फाइलीत जातो. आमची तक्रार या कागदाबद्दल आहे. ती तपासणी त्या दिवसाच्या कानाची असते, दोन वर्षांनंतरच्या कानाची नव्हे.

सायटोमेगॅलो नावाचा एक विषाणू आहे. डॉक्टर त्याला सीएमव्ही म्हणतात. आपल्याकडे बहुतेक स्त्रियांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, म्हणून गरोदरपणी भीती नाही असा समज आहे. हा समज चुकीचा आहे. विषाणू अंगात दडून राहतो व पुन्हा जागा होऊ शकतो. शिवाय लहान मुलांच्या लाळेतून त्याचा निराळा प्रकार आईला होऊन पोटातल्या बाळापर्यंत जातो. (थोरल्याचे उष्टे संपवण्याची सवय त्या नऊ महिन्यांपुरती तरी सोडावी.) बाधित बाळांपैकी दहांत जवळजवळ नऊ जन्मतः धडधाकट दिसतात. त्यांतील दहांपैकी साधारण एकाचे कान पुढे मंदावतात.

समजा, एक मुलगी वजनाला कमी जन्मली. कान 'पास'. डॉक्टरांनी शंका घेऊन दहाव्या दिवशी लघवी तपासली आणि सीएमव्ही सापडला. ही तपासणी पहिल्या तीन आठवड्यांतच व्हायला हवी. त्यानंतर विषाणू आईच्या दुधातूनही आलेला असू शकतो आणि तो जन्माआधीचा की नंतरचा, हे सांगता येत नाही. तिसऱ्या महिन्यात बाळाला झोपवून बेरा तपासणी केली. दोन्ही कान उत्तम. दीड वर्षाची झाल्यावर डावा कान उतरलेला आढळला. घरात कोणाला पत्ता नव्हता, कारण मुलगी 'आई', 'पाणी' म्हणत होती. एका कानावर तिचे भागत होते. डावीकडून हाक मारली की ती भलतीकडे पाही, एवढीच खूण होती, आणि तिला सारे खट्याळपणा समजत.

जन्मतःच आजाराची स्पष्ट लक्षणे असलेल्या काही बाळांना व्हॅलगॅनसायक्लोव्हिर हे औषध सहा महिने देतात. ते पहिल्या महिन्यात सुरू करणे उत्तम. त्याने रक्तातील पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून रक्त वारंवार तपासावे लागते. आणि पुढे कान बिघडणारच नाही, अशी हमी त्यानेही मिळत नाही.

म्हणून सीएमव्ही सापडलेल्या मुलाचे कान पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी, तीन वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि पुढे सहाव्या वर्षापर्यंत वर्षातून एकदा तपासावेत. सिकंदराबादेत मनोविकासनगरला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. तेथे कानांची तपासणी होते. लघवीची तपासणी न झालेल्या मुलाच्या बाबतीतही, आलेले शब्द गळू लागले किंवा बोलणे मागे पडले, तर जन्मवेळचा 'पास' दाखवून कोणी परत पाठवले तरी ऐकू नये. दवाखान्यांनी त्या 'पास'शेजारी पुढच्या तपासणीची तारीखही लिहावी, एवढेच आमचे म्हणणे.