शनिवार-रविवारचा हरिपाठ: शिक्षक हवेत, अटी आहेत



यंदा पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला, कागद पुन्हा महागला आणि तरीही अंक वसुबारसेच्या आत तुमच्या हाती आला आहे. वर्षाचा आढावा आम्ही इथेच आटोपतो. वर्षभर टोचत राहिलेली एक गोष्ट आहे आणि तिच्यासाठी जागा हवी आहे.

ती गोष्ट म्हणजे मंदिराच्या फळ्यावर लिहिलेली एक ओळ. ‘बालहरिपाठ वर्गासाठी सेवाभावी शिक्षक हवेत. काही येत नसले तरी चालेल.’ फळा कुठलाही असो, ओळ तीच असते. आमच्या विठ्ठल मंदिरातही हीच ओळ होती. ती वाचून लोक आले, हेही खरे. उत्साहाने आले, कार्तिकात आले आणि पौषात दिसेनासे झाले. त्यांना दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. किती वेळ द्यायचा हे त्यांना कुणी सांगितले नव्हते, काय यायला हवे हे विचारले नव्हते आणि कसे शिकवायचे हे दाखवले नव्हते. ओवरीत पंचवीस-तीस मुले बसवून त्यांच्या हाती पोथी दिली आणि ‘माउली, घ्या सुरू करून’ म्हटले. ज्याला काही येत नाही त्याने काय शिकवावे अशी अपेक्षा होती, ते त्या फळ्यालाच ठाऊक. गणिताच्या शिकवणीला असा माणूस कुणी उभा केला असता का? हरिपाठाला मात्र चालतो, कारण तो ‘सेवेत’ बसतो.

वारकरी परंपरेने शिकवण्याचे काम कधीच असे सैल धरलेले नाही. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली ती चार वर्षांच्या नेमून दिलेल्या अभ्यासक्रमाची. त्यांचे शिष्य सोनोपंत दांडेकर पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य होते, तत्त्वज्ञान शिकवत होते आणि कीर्तनही करत होते. नोकरी सांभाळून हे काम होते, पण ते शिस्तीने करावे लागते, एवढे त्यावरून समजावे. म्हणून यंदा मंदिराच्या मंडळींशी बोलून फळ्यावरची ती ओळ आम्ही पुसायला लावली. नवा मजकूर इथे छापत आहोत.

आधी वेळ. वर्ग मार्गशीर्षाच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि आषाढी एकादशीला संपतो. साधारण ३१ आठवडे धरा. शनिवारी संध्याकाळी साडेचार ते सहा आणि रविवारी सकाळी साडेसात ते नऊ, म्हणजे आठवड्याला ३ तास. घरची तयारी १ तास. ज्यांना दोन्ही दिवस जमत नाहीत त्यांनी एकच दिवस घ्यावा, पण तो सबंध हंगाम सांभाळावा. लग्नसराईत दोन-तीन खाडे होणारच. ते आठवडाभर आधी सांगावेत, म्हणजे जोडीदार शिक्षक तयार राहतो. ‘जमेल तसा येईन’ म्हणणाऱ्याने येऊ नये. मुले शिक्षकाच्या नियमाने नियमित होतात, आणि शिक्षकाने बुडवलेला एक रविवार मुलांच्या तीन रविवारांना पुरतो.

वेळेचा हिशेब एवढा काटेकोर का, ते अभ्यासक्रम पाहिला की कळते. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे अभंग २७. बहुतेक छापील पोथ्यांत फलश्रुतीचा अठ्ठाविसावा असतो, तोही आपण म्हणतो. आठवड्याला एक अभंग आणि सातवा, चौदावा, एकविसावा झाल्यावर एकेक आठवडा उजळणी. बेरीज बरोबर ३१ होते. मार्चमधल्या परीक्षांच्या दिवसांत शनिवार बंद राहतो आणि रविवारी तेवढेच काम दाबून करावे लागते. मोकळा आठवडा या कोष्टकात नाही.

आता काय यायला हवे. प्रशिक्षणाला येताना दहा अभंग पाठ हवेत, पोथी न पाहता. संक्रांतीपर्यंत सगळे २८. गळा गोड नसला तरी चालेल, पण ताल सुटता कामा नये. टाळ धरता यायला हवा. तो सपाट आपटला की हवा कोंडून नाद मरतो, किंचित तिरका, कडेला लागला की सुटतो. एवढे हाताला कळले तरी पुरे. पखवाज वाजवणारे मृदंगाचार्य वेगळे आहेत, त्याची चिंता नको. कीर्तन, प्रवचन, संस्कृत यांपैकी काहीही लागत नाही. गळ्यात तुळशीची माळ असावी असे मंडळात काहींचे म्हणणे होते. चर्चेअंती ठरले ते असे: माळ असेल तर आनंद आहे, नसेल तर अडणार नाही. वर्गाच्या दिवशी मात्र मांसाहार आणि व्यसन नको. बायकांनी शिकवायचे की नाही असा प्रश्न कुणी काढला, तर त्याने मुक्ताबाई आणि जनाबाई आठवाव्यात आणि गप्प बसावे. जात कुणी विचारणार नाही.

अर्थ किती यायला हवा, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण मुले तिथेच पकडतात. पहिल्याच अभंगात चार मुक्तींचा उल्लेख येतो. त्या कोणत्या, असे चौथीतले पोर विचारतेच. सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता ही नावे आणि प्रत्येकीचा एका वाक्यातला अर्थ शिक्षकाच्या तोंडी हवा: देवाच्या लोकी राहणे, जवळ राहणे, त्याच्यासारखे होणे, त्याच्यात मिळून जाणे. त्याच अभंगाच्या शेवटी व्यास येतात, द्वारकेचा कृष्ण येतो आणि पांडवांचे घर येते. राजसूयाच्या वेळी कृष्णाने पांडवांकडे काय काय केले ती गोष्ट सांगता आली की ते कडवे मुले विसरत नाहीत. याहून खोलात जायची गरज नाही. उत्तर येत नसेल तर ‘विचारून पुढच्या रविवारी सांगतो’ म्हणावे आणि खरोखर सांगावे. वेळ मारून नेलेले उत्तर मुले घरी जाऊन आजीला विचारतात, हा आमचा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट प्रशिक्षण. ते त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या दोन शनिवार-रविवारी होईल, रोज ३ तास, एकूण १२. पहिला दिवस पाठाचा. पोथ्यापोथ्यांत पाठभेद असतात. दोन शिक्षकांनी दोन पोथ्या वापरल्या की मुले गोंधळतात, म्हणून सगळ्यांना एकच पोथी मिळेल. दुसरा दिवस छंदाचा आणि टाळाचा. हरिपाठ ज्या छंदात आहे त्याला त्याच्या पहिल्या शब्दांवरूनच देवद्वार म्हणतात. त्याचे माप सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. शेवटचा चरण आखूड, म्हणून तो लांबवून टाळाशी मिळवायचा आणि श्वास त्यानंतरच घ्यायचा. माप सगळीकडे चोख नाही, हेही शिक्षकाला ठाऊक हवे. पहिल्या अभंगाच्या अगदी शेवटच्या चरणात चाराच्या जागी पाच अक्षरे येतात आणि मुले तिथे हमखास ठेचकाळतात. चूक त्यांची नसते. ते जादा अक्षर कुठे आवरायचे, ते टाळी वाजवून दाखवावे लागते.

तिसऱ्या दिवशी प्रत्यक्ष पहिला अभंग शिकवून पाहायचा. त्यात चार कडवी आहेत आणि दुसरे कडवे हेच आपले ध्रुपद, जे पुढे प्रत्येक अभंगाला लागते. म्हणून सुरुवात दुसऱ्यापासून. शनिवारी आधी ध्रुपद, मग पहिले कडवे: शिक्षक एक चरण म्हणतो, मुले म्हणतात, मग दोन चरण जोडून, मग सबंध कडवे. टाळ खाली ठेवलेले, नुसती टाळी. रविवारी तिसरे आणि चौथे, मग चारही सलग, आणि शेवटची पंधरा मिनिटे टाळ घेऊन पावल्या. टाळ आधी दिले की मुलांचे लक्ष आवाजात जाते आणि शब्द गिळले जातात.

इथे नव्या शिक्षकाची फसगत होते. तीस मुले एकसुरात म्हणतात, मंदिर दणाणते आणि वाटते, पाठ झाले. प्रत्यक्षात सहा-सात जणांना येत असते आणि बाकीची त्यांच्या मागून अर्ध्या अक्षराने ओठ हलवतात. ओळखायची रीत सोपी आहे. सगळ्यांना थांबवावे, चार-चार जणांना उभे करावे आणि तिसऱ्या कडव्यापासून सुरू करायला सांगावे. ज्याला नुसती लय पाठ आहे तो पहिल्यापासून गेल्याशिवाय तिसऱ्यावर येऊ शकत नाही. दुसरी खूण लयीची. अभंगागणिक चाल वाढत जाते, दहाव्यापर्यंत धावाधाव होते आणि धाकटी मुले गळतात. अशा वेळी पखवाज थांबवून एका मुलाला नुसता टाळ धरायला सांगितले की लय जागेवर येते.

चौथा दिवस शिस्तीचा. मारायचे नाही, कान पिळायचा नाही, न येणाऱ्याला सगळ्यांसमोर लाजवायचे नाही. वर्गात कायम दोन मोठी माणसे. अंधार पडला तर मूल पालकाच्या हाती दिल्याशिवाय दार ओढायचे नाही. नंतरचा पहिला महिना नव्या शिक्षकाने जुन्याच्या शेजारी बसून काढायचा, म्हणजे त्याच्यावर एकदम सगळा भार येणार नाही. मानधन नाही. पोथी, टाळ आणि आषाढीला मुलांबरोबर पंढरीचा प्रवास मंदिराकडून.

यंदाच्या अंकाचा विषय ‘वेळ’ आहे. आत घड्याळजींवर लेख आहे, एसटीच्या वेळापत्रकावर आहे, पंचांगावर आहे. संपादकीय त्यांच्या रांगेत बसते की नाही ते तुम्ही ठरवा. आमचे म्हणणे एवढेच, की दुसऱ्याचा वेळ मागताना तो किती, कधी आणि कशासाठी हे सांगणे ही मागणाऱ्याची जबाबदारी आहे. हे न सांगता मागितलेली सेवा टिकत नाही आणि मग ‘हल्ली कुणाला वेळच नाही’ म्हणून गावाला बोल लावला जातो. ते आम्हांला मान्य नाही.

शिक्षकांच्या चार जागा आहेत. त्रिपुरी पौर्णिमेला संध्याकाळचा हरिपाठ झाला की मंदिराच्या ओवरीत नावे घेतली जातील. येताना दहा अभंग पाठ करून या. त्यांतले कोणतेही तीन म्हणून दाखवावे लागतील, आणि त्यांतला एक मधल्या कडव्यापासून.

दिवाळीच्या शुभेच्छा.

– संपादक