आभारपत्रात माप असावे

आपल्या घरची मंगलकार्ये आटोपली, की आचारी व मंडपवाले हिशेब घेण्यास येतात आणि जाता जाता नम्रपणे म्हणतात, "शेठजी, दोन ओळी लिहून द्याल तर उपकार होतील." आपणही आनंदाच्या भरात "सर्व व्यवस्था अत्युत्तम होती, आम्ही पूर्ण संतुष्ट आहोत" असे लिहून सही ठोकतो. असे पत्र निरुपयोगी तर असतेच, पण प्रसंगी अपायकारकही ठरते, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने ते व्यापारी बंधूंपुढे ठेवतो.

२०१४ साली माझ्या थोरल्या मुलीचे लग्न बेळगावात झाले. आचारी ठरविताना त्यांनी जी पत्रे दाखविली, त्यांत आमच्याच पेठेतील एका प्रतिष्ठित गृहस्थांचे पत्र होते. ते पाहून मी निश्चिंत झालो. लग्नाच्या दिवशी सायंकाळी पाचशे पाहुणे आणि पुऱ्या तळावयास कढई एकच! चौविहार पाळणारी वडीलधारी मंडळी ताटाची वाट पाहत बसली आणि सूर्य मावळला. माझ्या आत्याबाई व त्यांच्यासारखी सत्तर-ऐंशी माणसे "असू दे बाळ, काही बिघडत नाही" म्हणत उपाशी उठली. तो प्रसंग मी आजही विसरलेलो नाही.

पुढे मी त्या गृहस्थांना पत्राविषयी विचारले. ते म्हणाले, "माझ्या घरी सव्वाशे पाने होती आणि कार्य सकाळचे होते. व्यवस्था खरोखरीच चांगली झाली होती." म्हणजे पत्रात असत्य असे काहीच नव्हते, केवळ माप नव्हते. याहून लाजिरवाणी गोष्ट अशी, की संकोचापोटी मीही त्याच आचाऱ्यांना "व्यवस्था समाधानकारक" असे लिहून दिले होते. त्या कागदाने पुढे कोणाची फसगत झाली असेल, हे मला ठाऊक नाही.

आम्ही धान्याचे व्यापारी. "गहू उत्तम आहे" एवढ्या शब्दावर कोणी एक पोतेही उचलीत नाही. पोत्यात नळी खुपसून वानगी काढावी लागते. जात, ओलावा, खडा, किडका दाणा पाहावा लागतो. मग भाव ठरतो. मग माणसाच्या कामाची पारख करताना वानगी का नको?

डिसेंबर २०२३ मध्ये धाकट्या मुलीचे लग्न झाले, तेव्हा मी आचारी व मंडपवाले यांना स्वतंत्र पत्रे दिली. दोघांचे काम निराळे. एकाच्या स्तुतीत दुसऱ्याचे उणे झाकले जाऊ नये. दोघांचा हिशेब मी आधी चुकता केला. पैसे तुंबवून दिलेली स्तुती ही दातृत्वाची नव्हे, चिकटपणाची खूण होय. त्यांची नावे येथे देत नाही, कारण जाहिरातीची पाने निराळी आहेत. आचाऱ्यांना दिलेला मजकूर मात्र असा होता :

"सायंकाळचे जेवण, पाने ३८०, त्यांपैकी चौविहाराची १४०. हा आकडा आपण काम ठरवितानाच विचारून घेतला होता. पाहुणे भोजनास साडेचारऐवजी पाच वाजता आले, तरी चौविहाराची पंगत आपण निराळी मांडली, पुऱ्यांसाठी दोन कढया चालविल्या आणि घड्याळाकडे पाहण्यास एक माणूस ठेवला. पावणेसहापूर्वी १४० ही माणसे पाणी पिऊन उठली. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, आले यांपैकी काहीही वापरले नाही. बटाट्याच्या जागी कच्चे केळे व आल्याच्या जागी सुंठ होती. कढीचे ताक आधी तापवून मगच त्यात बेसन घातले, हे मी स्वतः उभे राहून पाहिले. सामान आमच्या दुकानचे होते. यादीप्रमाणे कणीक ३२ किलो व तांदूळ २६ किलो दिले; पैकी तांदूळ २ किलो व तेलाचा न फोडलेला एक डबा आपण न मागता परत आणून दिला. उणे एवढेच, की शेवटच्या पंगतीला भाजी कमी पडली. चारशेहून अधिक पानांच्या कार्याचा मला अनुभव नाही."

अखेरची दोन वाक्ये वाचून आचारी क्षणभर खट्टू झाले. मी त्यांना म्हणालो, "अहो, ज्या पत्रात एकही उणे नाही, त्यावर शहाणा माणूस विश्वास ठेवीत नाही. भाजी कमी पडली हे लिहिले, म्हणूनच पुऱ्या वेळेवर आल्या हे खरे वाटेल." ताकाचा उल्लेख अन्य समाजातील वाचकास क्षुल्लक वाटेल. परंतु कच्च्या ताकात द्विदल धान्याचे पीठ मिसळणे आपल्याकडे निषिद्ध आहे, आणि ही गोष्ट आचाऱ्याला सांगावी लागत नाही, तोच आपल्या कार्यास योग्य. त्या एका वाक्याने पुढच्या यजमानाचे निम्मे प्रश्न मिटतात.

मंडपवाल्यांची पारख सजावटीवरून झाली नाही, पावसाने केली. आदल्या रात्री अवकाळी पाऊस आला. मंडपाचे छत उतरते बांधले होते, म्हणून बहुतेक पाणी वाहून गेले. एका कोपऱ्यात मात्र साचले. मालक स्वतः पहाटे चार वाजता चार गडी घेऊन आले, कापडाला खालून बांबूने उचलून पाणी काढले, प्रवेशद्वारी जाड वाळू पसरून वर काथ्याची चटई घातली. विजेच्या तारा आधीच डोक्यावरून नेल्या होत्या. एकही तार ओल्या जमिनीवर नव्हती. हे सर्व मी पत्रात लिहिले. बायकांच्या बाजूला ठरल्यापेक्षा दोन पंखे कमी लागले होते. त्याची रक्कम त्यांनी बिलातून आपण होऊन वजा केली, हेही लिहिले. फुलांच्या कमानीविषयी एकच ओळ आहे, कारण कमान सर्वांचीच सुंदर असते. पाणी साचल्यावर पहाटे कोण येतो, हे पुढच्या माणसाला हवे असते.

दर मात्र मी कोणत्याही पत्रात लिहिला नाही. भाव दरसाल बदलतात. जुना आकडा दाखवून नवा यजमान हुज्जत घालतो आणि आपले पत्र बिचाऱ्या कारागिराच्याच गळ्याला लागते. त्याचप्रमाणे "पत्र द्या, बिलात सूट देतो" असे कोणी म्हटल्यास पत्र देऊ नये. ती साक्ष राहत नाही, सौदा होतो.

असे पत्र आठ दिवसांच्या आत लिहावे. पुढे वेळ व आकडे स्मरणातून जातात आणि लेखणीवर केवळ "अत्युत्तम" उरते. पत्रावर तारीख, गाव, पानांची संख्या आणि कार्याची वेळ हवी. काम ज्याच्या हातून मनासारखे झाले नसेल, त्याला पत्र देऊ नये. त्याचे उणे त्याच्या तोंडावर सांगून, ठरलेले पैसे देऊन, निरोप द्यावा. २०१४ साली मला एवढे धैर्य झाले नाही.

गेल्या हिवाळ्यात एक अपरिचित गृहस्थ दुकानी आले. माझे पत्र त्यांच्या हाती होते. ते म्हणाले, "आमची पाने सातशे आहेत. आपण चारशेपर्यंतचेच लिहिले आहे, म्हणून विचारावयास आलो." मी त्यांना सांगितले, की आचाऱ्यांना चुली व कढया किती लावणार ते प्रथम विचारा, आणि चौविहाराची पंगत निराळी मांडून घ्या. ते गेल्यावर आत्याबाईंची आठवण झाली. त्या आता नाहीत.