नोंदवहीतली उंची आणि माणसाची उंची : एक धागा

१/ नगरच्या भुईकोट किल्ल्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर आले की त्याखाली एक ठरावीक वाद पेटतो. कोणीतरी कुठल्या तरी नेत्याच्या तुरुंगी नोंदवहीचे किंवा पारपत्राचे पान चिकटवतो, त्यातल्या ‘उंची’ आणि ‘ओळखीच्या खुणा’ या रकान्यांवर बोट ठेवतो आणि निकाल देऊन मोकळा होतो. एकाला त्यात नेता खुजा दिसतो, दुसऱ्याला भव्य, तिसऱ्याला थेट गुन्हेगार. हे तिन्ही निकाल चुकीचे आहेत, कारण तिघांनीही तो कागद वाचलेलाच नाही. केवळ पाहिला आहे.

२/ नगरपासूनच सुरुवात करू. ऑगस्ट १९४२ मध्ये याच किल्ल्यात नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदी नेते स्थानबद्ध झाले. अवघा देश ज्यांचे चेहरे ओळखत होता, अशी ही माणसे. त्याच सुमारास याच नगरचे अच्युतराव पटवर्धन भूमिगत झाले आणि सरकारच्या हाती लागले नाहीत. आता सांगा, गालावरचा तीळ आणि कपाळावरचा व्रण सरकारला कोणाच्या बाबतीत हवा होता? आत बसलेल्यांच्या की बाहेर फिरणाऱ्याच्या? शारीरवर्णनाचा रकाना हा पळालेल्या, किंवा पळू शकेल अशा माणसाला पुन्हा ओळखण्यासाठी असतो. तो ना चरित्राचा भाग आहे, ना वैद्यकीय अहवालाचा. हे सूत्र ध्यानात ठेवले तर पुढचे सारे सोपे होते.

३/ उदाहरण मात्र नगरपासून काही तासांच्या अंतरावरच्या येरवड्याचे घेऊ, कारण तिथल्या एका नोंदीचा तपशील प्रसिद्ध आहे. मिठाच्या सत्याग्रहात, ४ मे १९३० च्या मध्यरात्रीनंतर, दांडीजवळच्या कराडी येथे गांधीजींना अटक झाली. रेल्वेने बोरिवलीपर्यंत आणि तिथून मोटारीने त्यांना येरवड्यास आणले. तिथे त्यांचे माप घेतले गेले. चरित्रकार लुई फिशर यांनी दिलेला तपशील असा : उंची ५ फूट ५ इंच, उजव्या मांडीवर व्रण, उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर लहान तीळ, डाव्या कोपराखाली वाटाण्याएवढा व्रण.

४/ आधी उंची पाहू. ५ फूट ५ इंच म्हणजे १६५ सेंटिमीटर. हा आकडा पूर्ण इंचात आहे. कारकुनाने जवळचा इंच धरला असेल, तर प्रत्यक्ष माप साधारण १६३.८ ते १६६.४ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. शिवाय माणूस सकाळी उठल्यावर जेवढा असतो तेवढा संध्याकाळी नसतो. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात आणि उंची सेंटिमीटरभर घटते. त्यात गांधीजी तेव्हा साठ वर्षांचे होते. चाळिशीनंतर दर दशकात साधारण एक सेंटिमीटर उंची कमी होते, हे सर्वसामान्य निरीक्षण आहे. म्हणजे लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करणारा तरुण मोहनदास आणि येरवड्याच्या भिंतीपाशी उभा केलेला साठीचा बंदी यांची उंची एकच धरता येत नाही.

५/ म्हणून ‘गांधी ५ फूट ४ इंच होते की ५ फूट ६ इंच’ यावर भांडणारे दोघेही एकाच कागदाच्या आधारे बरोबर ठरू शकतात. एखाद्या आकड्यावर परस्परविरोधी दावे करणारे दोघेही उभे राहू शकत असतील, तर त्या आकड्याने वाद मिटत नाही. तो एवढेच सांगतो की बंदी मध्यम उंचीचा होता. कारकुनाला त्याहून अधिक काही नको होते.

६/ आता खुणा पाहू, कारण खरी फसगत इथे होते. १९२२ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर गांधीजी याच येरवड्यात होते. तिथेच त्यांना आंत्रपुच्छाचा विकार जडला. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. ऐन शस्त्रक्रियेत वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. अशा शस्त्रक्रियेचा व्रण पोटावर जन्मभर राहतो. मग सहाच वर्षांनी, त्याच तुरुंगात टिपलेल्या या तीन खुणांत तो कुठे आहे? नाही.

७/ क्षणभर त्या दिवसाचा विचार करा, जेव्हा कोणी ही नोंद समोर ठेवून म्हणेल की ‘पाहा, पोटावर व्रण नाही, म्हणजे शस्त्रक्रियेची कथा बनावट!’ असे तर्क रोज केले जातात, म्हणून ही कल्पना अतिशयोक्त समजू नये. उत्तर साधे आहे. कारकून शरीराचा नकाशा काढत नव्हता. ओळख पटायला दोन-तीन खुणा पुरतात. तेवढ्या मिळाल्या की लेखणी थांबते. रकान्यात जे आहे ते कोणाच्या तरी नजरेस पडले होते, एवढे त्यावरून म्हणता येते. जे नाही, त्यावरून मात्र काहीही म्हणता येत नाही.

८/ दुसरा दाखलाही गांधीजींचाच. १० फेब्रुवारी १९०८ रोजी जोहान्सबर्गमध्ये मीर आलम आणि त्याच्या साथीदारांनी त्यांना मारहाण केली. ओठाला टाके घालावे लागले. येरवड्याच्या तीन खुणांत ओठाचा उल्लेख नाही. जखमेची खूण उरलीच नसेल, मिशीआड गेली असेल, किंवा कारकुनाने तिकडे पाहिलेच नसेल. यांतले कोणते खरे, हे नोंदवही सांगत नाही. ते तिच्याकडून वदवून घेणे म्हणजे साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालणे होय.

९/ या मारहाणीचे कारण आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहे. ट्रान्सवालच्या कायद्याने आशियाई रहिवाशांच्या अंगावरच्या ओळखीच्या खुणा टिपून बोटांचे ठसे घ्यायचे ठरवले होते. सत्याग्रहाचा जन्म झाला तो या सक्तीविरुद्ध. पुढे तडजोड होऊन गांधीजी स्वेच्छेने नोंदणी करण्यास निघाले, तेव्हा तो विश्वासघात आहे असे वाटून मीर आलमने हल्ला केला. गिरमिटिया मजुरांच्या परवान्यावरही उंची आणि अंगावरच्या खुणा यांचे रकाने असत. हा रकाना जन्मला तो ज्यांचे नाव आणि शब्द सत्तेला विश्वासार्ह वाटत नव्हता अशा माणसांसाठी. त्यात महात्म्याचे नाव आले म्हणून तो पूजेचा विषय होत नाही आणि नेत्याचे नाव आले म्हणून नेता लहानही होत नाही.

१०/ ‘तुरुंगाच्या वहीत नाव आहे, म्हणजे गुन्हेगार’ या युक्तिवादाचाही समाचार घेऊ. १८९४ च्या तुरुंग कायद्याचे २४ वे कलम सांगते की फौजदारी बंद्याची दाखल होताच वैद्यकीय तपासणी करावी आणि त्याची प्रकृती, अंगावरच्या जखमा व खुणा यांची नोंद ठेवावी. त्या वहीत गुन्हा सिद्ध झालेला येई, तसाच खटला चालू असलेलाही येई. १९३० मध्ये तर गांधीजींवर खटलाच चालला नव्हता. १८२७ च्या २५ व्या विनियमाखाली, बिनचौकशी, त्यांना डांबले होते. १९२२ ची नोंद शिक्षा झालेल्या कैद्याची आणि १९३० ची नोंद राजबंद्याची. माणूस एक, तुरुंग एक, माप घेण्याची रीतही तीच. कायद्यातले स्थान मात्र निराळे. अटकेचा आधार न वाचता केवळ व्रण-तीळ वाचणारा हा भेद कधीच पाहू शकत नाही.

११/ पारपत्राचे, म्हणजे पासपोर्टचे, गणित याहून वेगळे आहे. तुरुंगात दुसरा माणूस तुम्हाला मोजतो. जुन्या पारपत्राच्या अर्जात उंची अर्जदार स्वतः लिहीत असे. एक मोजलेली, दुसरी सांगितलेली. दोन्हींत इंचाचा फरक दिसला की ‘खोटेपणा उघड’ म्हणून ओरडणाऱ्यांनी आपल्या जुन्या पारपत्रातली उंची आठवावी आणि ती कोणी मोजली होती, हे स्वतःला विचारावे. सुभाषबाबू १९४१ मध्ये काबूलहून मॉस्कोमार्गे बर्लिनला गेले ते ओरलांदो माझोत्ता या इटालियन नावाच्या पारपत्रावर. छायाचित्र त्यांचे, नाव दुसऱ्याचे. अशा कागदावरच्या वर्णनावरून सुभाषबाबूंचे शरीर सिद्ध करू पाहणे किती धोक्याचे, हे वेगळे सांगायला नको.

१२/ मग हे कागद टाकून द्यायचे का? मुळीच नाही. ते नीट वाचायचे. पहिला प्रश्न : माप कोणी घेतले, आणि घेतले की नुसते विचारले? दुसरा : तेव्हा वय काय होते आणि आकडा किती ढोबळ आहे? तिसरा : ही नोंद नव्याने झाली, की आधीच्या वहीतून उतरवली? बंद्याची बदली झाली की वर्णनही पुष्कळदा तसेच पुढे नकलले जाते. अशा वेळी चार तुरुंगांच्या चार नोंदी जुळल्या तरी साक्षीदार एकच असतो. चौथा : ‘उजवा’ म्हणजे बंद्याचा उजवा की समोर उभ्या कारकुनाचा? छायाचित्राशी ताडून पाहताना ते छायाचित्रच उलटे छापलेले नाही ना, हे सदऱ्याच्या गुंड्यांवरून किंवा मागच्या पाटीवरच्या अक्षरांवरून आधी तपासावे.

१३/ आणि पाचवा प्रश्न, सर्वांत आधीचा : हे पान आहे कुठले? अभिलेखागाराचे नाव आणि फाइलचा क्रमांक नसलेले, कडा कापलेले, रकान्यांचे मथळे न दिसणारे चित्र म्हणजे ऐकीव गोष्ट. मीही वर फिशर यांचे नाव घेतले ते याचसाठी : मी सांगितलेला तपशील चरित्रकाराकरवी आलेला आहे, मूळ वहीचे पान तुमच्यासमोर ठेवलेले नाही. तेवढाच भार त्यावर टाकावा.

१४/ आपल्यापैकी अनेकांनी परीक्षेच्या अर्जात ‘ओळखीची खूण’ या रकान्यापुढे ‘हनुवटीवर तीळ’ असे लिहिले असेल. घाईत लिहिले, मास्तरांनी सांगितले म्हणून लिहिले, आणि विसरून गेलो. शंभर वर्षांनी त्या तिळावरून कोणी आपली लायकी ठरवू लागला, तर आपण काय म्हणू? तेच आज त्या माणसांच्या वतीने म्हणावे, ज्यांना भिंतीपाशी उभे करून मोजले गेले आणि ज्यांना उत्तर द्यायला आता येता येत नाही.