हप्ता तोच, मग कर्ज का हलत नाही?

आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने गृहकर्जाचा पाच वर्षांचा उतारा माझ्यापुढे ठेवला. "सर, पावणेअकरा लाख भरले. वीस लाखांच्या कर्जातले सव्वादोनच फिटले. ही फसवणूक नाही का?"

फसवणूक नव्हती. न समजावलेला हिशोब होता. कर्ज 20 लाख, व्याज 9 टक्के, मुदत 20 वर्षे, हप्ता सुमारे 17,995 रुपये. पहिल्या महिन्यात 20 लाखांवरचे व्याजच 15,000. मुद्दलात गेले जेमतेम 2,995. बँक व्याज आधी वसूल करत नाही. जेवढी बाकी, तेवढ्यावर ते लागते. सुरुवातीला बाकीच मोठी असते.

मी संगणकावर वर्षवार आलेख काढला. आडव्या अक्षावर वर्षे, उभ्या अक्षावर वर्षभरात भरलेले पैसे. खाली मुद्दलाचा थर, त्यावर व्याजाचा. दोन्हींची एकूण उंची वीस वर्षे सारखीच, सुमारे 2 लाख 16 हजार. बदलते ती मधली रेघ. पहिल्या वर्षी मुद्दल फक्त 37 हजार. शेवटच्या वर्षी व्याज 10 हजार. रेघ आधी रेंगाळते, मग झपाट्याने चढते. दोन्ही थर समान होतात ते तेराव्या वर्षी! एकूण व्याज भरते 23 लाखांवर, म्हणजे घेतलेल्या रकमेपेक्षा जास्त.

आलेख वाचताना एक चूक होते. वरच्या थराचे माप शून्यापासून घेतले जाते. व्याज म्हणजे मधल्या रेघेपासून वरच्या कडेपर्यंतची जाडी.

या चित्राचा उपयोग काय? पहिल्या वर्षाअखेर एक लाख जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर सुमारे 27 हप्ते वाचतात. तेच लाख पंधरा वर्षांनी भरले तर आठच. तरंगत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना लावता येत नाही, असा आदेश रिझर्व्ह बँकेने 2012 मध्ये दिला. मात्र जादा रक्कम भरताना 'हप्ता नको, मुदत कमी करा' असे लेखी सांगावे.

चित्राला मर्यादाही आहे. दर वाढला आणि हप्ता तोच राहिला, तर व्याजाचा थर जाड होतो आणि आलेख उजवीकडे लांबतो. म्हणून दर बदलला की नवा आलेख काढावा.

आपल्याकडे सूद हा शब्द निघाला की चर्चा हराम-हलालवर येऊन थांबते. ती चर्चा आपल्या जागी. पण ज्याने मजबुरीने सही केली, त्याला तिने एक रुपयाही वाचत नाही. माझे म्हणणे इतकेच, की सही करण्यापूर्वी बँकेकडून परतफेडीचे वेळापत्रक मागून घ्यावे आणि हे दोन थर घरातल्या सर्वांना दाखवावेत. सहकाऱ्याने आलेख पाहिला, गप्प बसला, आणि म्हणाला, "हे पाच वर्षांपूर्वी दाखवायला हवे होते."