'सिबिल खराब आहे' एवढं ऐकून परत येऊ नका, नकाराचं कारण लेखी मागा

ऑगस्ट 2025 मध्ये अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी लोकसभेत एक गोष्ट स्पष्ट केली. कर्जासाठी किमान सिबिल स्कोअर किती असावा, असा कोणताही आकडा रिझर्व्ह बँकेने ठरवलेला नाही. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुना कर्जव्यवहार नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे. बातमी आली आणि गेली. पण आपल्या मोहल्ल्यातला कारागीर, गॅरेजवाला, फॅब्रिकेशनवाला आजही बँकेतून एकच वाक्य घेऊन परत येतो, "भाई, सिबिलमध्ये प्रॉब्लेम आहे."

प्रॉब्लेम नेमका काय, हे त्याला कोणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. मग एक तर तो खासगी सावकाराकडे जातो, नाही तर दुसऱ्या बँकेत तोच अर्ज तसाच टाकतो. तिथेही नकार येतो. शेवटी निष्कर्ष निघतो, "आपल्या लोकांना बँक कर्ज देतच नाही."

हा संशय हवेतून आलेला नाही. सच्चर समितीने 2006 च्या अहवालात नोंदवले होते की काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्यांना 'नकारात्मक' भाग ठरवल्याच्या आणि तिथे कर्ज सहज मिळत नसल्याच्या तक्रारी आहेत. पण भेदभावामुळे आलेला नकार आणि कागदातल्या चुकीमुळे आलेला नकार यांत फरक करायचा असेल, तर आधी नकाराचं कारण लेखी हातात हवं. कारणच माहीत नसेल तर ना चूक दुरुस्त होते, ना तक्रार टिकते.

लेखी कारण हा तुमचा हक्क आहे

रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेनुसार कर्जाच्या प्रत्येक अर्जाची पोच बँकेने द्यायची असते. अर्ज फेटाळला तर त्याची मुख्य कारणं लेखी कळवायची असतात. कर्ज 50 हजारांचं असो की 50 लाखांचं, नियम तोच. अडचण अशी की आपल्यापैकी बरेच जण अर्ज करतच नाहीत, नुसती चौकशी करतात. काउंटरवर विचारलं, साहेब "नाही" म्हणाले, संपलं. ज्या अर्जाची पोच नाही, तो अर्ज बँकेच्या लेखी झालेलाच नाही. म्हणून अर्ज भरून द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. नकार तोंडी मिळाला तर साध्या कागदावर दोन ओळी लिहा, 'माझ्या अमुक तारखेच्या अर्जाच्या नकाराची कारणं लेखी कळवावीत', आणि त्याचीही पोच घ्या.

एक उदाहरण पाहू

समजा, छत्रपती संभाजीनगरमध्ये एका शेख आडनावाच्या भाईचं ग्रिल आणि गेट बनवण्याचं छोटं वर्कशॉप आहे. नवी वेल्डिंग आणि कटिंग मशीन घ्यायला त्याने मुद्रा योजनेत 4 लाखांचा अर्ज केला. 50 हजारांपर्यंत 'शिशु', त्यापुढे 5 लाखांपर्यंत 'किशोर', म्हणजे हा अर्ज किशोर गटातला. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही, त्यामुळे बँक दोनच गोष्टींवर भर देते: जुना व्यवहार आणि हातात येणारा पैसा. नकाराच्या पत्रात कारणं आली दोन: 'क्रेडिट रिपोर्ट समाधानकारक नाही' आणि 'परतफेडीची क्षमता अपुरी'.

भाई म्हणतो, "मी आयुष्यात बँकेचं कर्ज घेतलेलं नाही, रिपोर्ट खराब कसा?" त्याने रिपोर्ट काढला. देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. एजंटला पैसे द्यायची गरज नाही.

रिपोर्टमध्ये दोन खाती निघाली.

पहिलं खातं मोबाईलच्या हप्त्यांचं. काही वर्षांपूर्वी दुकानातून हप्त्यावर मोबाईल घेतला होता. ते कर्जच असतं, पण आपण त्याला कर्ज मानत नाही. शेवटचे तीन हप्ते राहिले, वसुलीवाल्याने फोन करून "अर्धे भरा, विषय संपवू" असं सांगितलं. याने भरले. विषय संपला असं याला वाटलं, पण रिपोर्टमध्ये खात्यापुढे Settled लिहिलं गेलं. या शब्दाचा अर्थ बँक असा घेते की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, कंपनीने तडजोड करून बाकी सोडून दिली. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे Closed असतं.

यावर उपाय म्हणजे त्या फायनान्स कंपनीला लेखी विचारायचं की सोडलेली बाकी किती, ती भरायची, 'नो ड्यूज' पत्र घ्यायचं आणि खात्याची नोंद Closed करून कळवा असं लेखी मागायचं. बाकी बऱ्याचदा दोन-चार हजारांचीच असते. कर्ज देणाऱ्या संस्थांनी आता महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा माहिती पाठवायची असते, त्यामुळे बदल पूर्वीपेक्षा लवकर दिसतो. मात्र एक मर्यादा लक्षात ठेवा. हप्ते उशिरा गेल्याची महिनावार नोंद, जी DPD या शीर्षकाखाली असते, ती यामुळे पुसली जात नाही. खरी नोंद पैसे देऊन पुसून देतो म्हणणारा एजंट तुम्हाला फसवतोय.

दुसऱ्याचं कर्ज आपल्या नावावर

दुसरं खातं होतं मोटारसायकलच्या कर्जाचं, सहा हप्ते थकलेलं. ही मोटारसायकल भाईने कधी पाहिलीसुद्धा नाही. हे कर्ज त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचं.

आपल्या समाजात हा घोळ होण्याचं कारण समजून घ्या. नावं मोजकी आणि आडनावंही मोजकी: शेख, सय्यद, खान, पठाण. त्यात महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना मास्तरांनी हजारो मुलांची जन्मतारीख 1 जून लावून टाकली. नाव एक, जन्मतारीख एक, शहर एक. रिपोर्ट बनवणारी कंपनी नाव, जन्मतारीख, पॅन, मोबाईल नंबर आणि पत्ता जुळवून खाती एका माणसाच्या नावावर जोडते. त्या दुसऱ्या कर्जात पॅन नीट नोंदलेला नसेल, तर खातं चुकीच्या माणसाला चिकटू शकतं.

उलटाही घोळ होतो. आधारवर Shaikh, पॅनवर Sheikh, बँकेत Shaik. एकीकडे Mohd, दुसरीकडे Mohammad. एकाच कागदावर वडिलांचं नाव आहे, दुसऱ्यावर नाही. मग बँकेला हा एकच माणूस आहे याची खात्री होत नाही आणि फाईल पडून राहते. पुन्हा अर्ज करण्याआधी आधार, पॅन आणि बँक खाते या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग अक्षरशः एकच करून घ्या.

परक्या खात्याची तक्रार ज्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये चूक आहे तिच्या वेबसाईटवरच करता येते. 'हे खाते माझे नाही' असा पर्याय निवडायचा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवायचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 दिवसांत तक्रार निकाली निघायला हवी. त्यानंतर प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर मोफत तक्रार करता येते. लोकपाल बँकेला "याला कर्ज द्या" असं सांगणार नाही, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. पण चुकीची नोंद आणि न दिलेलं लेखी कारण याबद्दल विचारणा नक्की होऊ शकते.

कमाई आहे, पण कागदावर नाही

आता दुसरं कारण, परतफेडीची क्षमता. भाईच्या वर्कशॉपमध्ये महिन्याला साधारण 90 हजारांचं काम होतं. लोखंड, भाडं, लाईट आणि हेल्परचा पगार जाऊन हातात 35 हजार राहतात. 4 लाखांचं कर्ज 5 वर्षांसाठी 11 टक्के दराने घेतलं तर हप्ता येतो जवळपास 8,700 रुपये. 35 हजारांतून हा हप्ता आरामात निघतो.

पण बँक पाहते खात्याचं स्टेटमेंट. तिथे महिन्याला 25 हजारच जमा होतात, बाकी सगळं रोखीत. त्याच प्रमाणात खर्च वजा केला तर बँकेच्या हिशेबाने भाईची कमाई उरते 9,700 रुपये. त्यातून 8,700 चा हप्ता गेल्यावर घर कशावर चालणार? साधारणपणे हप्ता कमाईच्या निम्म्याच्या वर जाऊ लागला की बँका मागे हटतात. म्हणजे इथे मॅनेजरचा हेतू वाईट असायलाच हवा असं नाही, आकडेच अर्जाच्या विरोधात होते.

हे एका आठवड्यात सुधारत नाही. गिऱ्हाईकाकडून पैसे यूपीआयने किंवा चेकने एकाच खात्यात घ्या, रोख आली तरी आधी खात्यात भरा आणि मग खर्च करा. किमान सहा महिने, जमलं तर वर्षभर. खऱ्या उलाढालीवर आयकर विवरणपत्र भरा. उद्यम नोंदणी सरकारी वेबसाईटवर फुकट होते, ती करून घ्या. मशीनचं कोटेशन जीएसटी नंबर असलेल्या विक्रेत्याचं जोडा. आणि मशीनची घाई असेल तर रक्कम कमी करा. दीड लाखाचा हप्ता त्याच दराने 3,260 च्या आसपास येतो, जो आजच्या स्टेटमेंटवरही बसतो. तो वेळेवर फेडला की पुढच्या अर्जासाठी स्वच्छ नोंद तयार होते.

ज्यांचा रिपोर्टच नाही त्यांचं काय?

व्याजाच्या प्रश्नामुळे बँकेपासून लांब राहिलेली अनेक घरं आहेत. हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यावर उलेमांशी बोलावं. पण असा माणूस पहिल्यांदा अर्ज करतो तेव्हा त्याच्या रिपोर्टमध्ये काहीच नसतं. कोरा रिपोर्ट म्हणजे खराब रिपोर्ट नव्हे. फक्त याच कारणाने नकार आला तर सुरुवातीला सांगितलेला रिझर्व्ह बँकेचा नियम अर्जात लिहा आणि लेखी उत्तर मागा. स्टेटमेंट, विवरणपत्र आणि भाडे-वीजबिल वेळेवर भरल्याचे पुरावे सोबत द्या.

शेवटची गोष्ट. नकारानंतर लगेच चार बँकांत आणि पाच ॲपवर अर्ज टाकू नका. कर्ज देणारी प्रत्येक संस्था तुमचा रिपोर्ट मागवते आणि त्याची नोंद राहते. महिन्यात अशा सहा नोंदी दिसल्या की पुढचा मॅनेजर समजतो, हा माणूस अडचणीत आहे. आधी पत्रातली कारणं दुरुस्त करा, रिपोर्ट पुन्हा काढून बदल झालाय का बघा, मगच अर्ज करा. हे सगळं करूनही बँक कारण न देता नाही म्हणाली, तर तुमच्या फाईलमध्ये पोच, पत्र आणि स्वच्छ रिपोर्ट असेल. भेदभावाचा प्रश्न तेव्हा पुराव्यासह विचारता येईल.